वेळापत्रकाच्या फोटोवरून ओळी तयार करताना वेळ आपल्याच स्थानकासमोर कशी ठेवायची

मुंबईच्या उपनगरी रेल्वेचं छापील वेळापत्रक ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्याची मांडणी ठाऊक असेल. डाव्या हाताला वरून खाली स्थानकांची नावं, डोक्यावर आडव्या ओळीत गाड्यांचे क्रमांक आणि कुठली गाडी कुठवर जाते ते, आणि मधल्या जागेत वेळांची जाळी. प्रवाशाला हे वाचायला सोपं जातं. पण त्याचा फोटो समोर ठेवून वेळा शीटमध्ये उतरवायला बसलं की आकडे चुकण्यापेक्षा त्यांची जागा चुकण्याचा धोका मोठा असतो. `18:31` ही वेळ अगदी बरोबर वाचली जाते, पण ज्या गाडीची होती तिच्याऐवजी शेजारच्या गाडीखाली जाऊन बसते. तिथे ती शोभूनही दिसते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

हे टाळण्याची पद्धत इथे मध्य रेल्वेच्या ठाणे ते बदलापूर या टप्प्यावर करून दाखवतो. या टप्प्यात जलद आणि धीम्या दोन्ही गाड्या येतात, आणि डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर अशा वेगवेगळ्या ठिकाणी त्या संपतात. जागा सरकण्याचे जवळपास सगळे प्रकार त्यामुळे एकाच जाळीत भेटतात. स्थानकं खरी आहेत. वेळा मात्र समजावण्यापुरत्या घेतल्या आहेत, त्या पाहून कुणी लोकल पकडायला जाऊ नये.

फोटो घेताना

कागद भिंतीवर असेल तर त्याच्या मध्यासमोर उभं राहून, फोन कागदाला समांतर धरून फोटो घ्या. खालून वर तिरका फोटो घेतला की वरच्या ओळी आखूड होतात आणि कॉलम आत झुकतात. अशा फोटोत उजवीकडची वेळ डावीकडच्या स्थानकाशी जुळवताना नजर हमखास एक ओळ वर किंवा खाली जाते. फोनमधल्या कागदपत्रं स्कॅन करण्याच्या सोयीने तिरकेपणा बराच सरळ होतो, तोही कागदाचे चारही कोपरे फोटोत आले असतील तरच. काच किंवा प्लास्टिकचं आवरण असेल तर फ्लॅश बंद ठेवा, कारण चकाकीखाली गेलेली वेळ नंतर कशानेही परत मिळत नाही.

कागद रुंद असेल तर तुकड्यांत फोटो घ्यावे लागतात. तेव्हा आधीच्या फोटोतले शेवटचे दोन कॉलम पुढच्या फोटोतही येऊ द्या, आणि गाडी क्रमांकांची वरची ओळ प्रत्येक तुकड्यात ठेवा. दुसऱ्या तुकड्यात स्थानकांची नावं नसतात. मग ओळ ओळखायची कशी? तर आधीच्या तुकड्यात आलेल्या त्या दोन सामाईक गाड्यांच्या वेळांवरून. म्हणून सामाईक कॉलममधली एक गाडी सगळीकडे थांबणारी धीमी असली तर उत्तम. दोन्ही जलद असल्या तर मधल्या कित्येक ओळींत आधारालाच काही उरत नाही.

टाइप करण्याआधी दोन मोजण्या

फोटो मोठा करून स्थानकांच्या ओळी मोजा आणि गाड्यांचे कॉलम मोजा. दोन्ही संख्या शीटच्या वर लिहून ठेवा. आपल्या उदाहरणात बारा ओळी आणि चार कॉलम, म्हणजे अठ्ठेचाळीस घरं. जाळीतल्या एका चौकोनाला मी इथे घर म्हणतो आहे.

स्थानकांची यादी फोटोतूनच घ्या, आठवणीतून किंवा दुसऱ्या यादीतून नको. रोज प्रवास करणाऱ्याला स्थानकं पाठ असतात आणि तिथेच घात होतो. पश्चिम रेल्वेवर राम मंदिर हे स्थानक डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालं, ट्रान्स हार्बरवर दिघा गाव जानेवारी २०२४ मध्ये. त्याआधीच्या वेळापत्रकात या ओळी नसणारच. पाठ असलेली यादी तिथे वापरली तर त्या स्थानकापासून खालच्या सगळ्या वेळा एकेका स्थानकाने सरकतात. नावाचंही तसंच आहे. कागदावर एल्फिन्स्टन रोड छापलं असेल तर तेच लिहा. प्रभादेवी हे नाव जुलै २०१८ मध्ये आलं, म्हणजे कागद त्याआधीचा आहे हे त्यातून कळतं. नवं नाव हवंच असेल तर शेजारी वेगळ्या कॉलममध्ये द्या.

यादी लिहून झाली की प्रत्येक स्थानकाला क्रम द्या: ठाणे १, कळवा २, मुंब्रा ३, असं बदलापूर १२ पर्यंत. हा क्रम शेवटपर्यंत लागणार आहे. तो नसेल तर पुढे कधीतरी कुणी यादी अक्षरक्रमाने लावेल आणि अंबरनाथ ठाण्याच्या आधी येईल.

शीट तयार करताना

वेळा टाइप करण्याआधी सगळी जाळी निवडून तिचं स्वरूप साधा मजकूर असं करा. गूगल शीट्समध्ये हे `Format > Number > Plain text` इथे मिळतं, एक्सेल आणि लिब्रेऑफिसमध्ये सेलच्या फॉरमॅटमध्ये `Text`. कारण असं की छापील वेळापत्रकात तास आणि मिनिटांमध्ये पुष्कळदा टिंब असतं. ते पाहून तुम्ही `18.30` टाइप केलं की शीट त्याला दशांश समजते आणि `18.3` करून टाकते. मग ते साडेसहा की सहा वाजून तीन मिनिटं, हे शीटवरून सांगता येत नाही.

वेळ नेहमी दोन आकडी तास, मधे `:` आणि दोन आकडी मिनिटं अशी, चोवीस तासांच्या घड्याळाने लिहा. सकाळची सात वाजून पाच म्हणजे `07:05`. पुढचं शून्य सोडू नका, कारण तपासणीची सूत्रं त्यावर अवलंबून आहेत. मूळ फोटोत आकडे देवनागरी असले, जसे एसटी स्थानकांवरच्या फलकांवर असतात, तरी शीटमध्ये इंग्रजी आकडे घ्या. नाहीतर शीटला ती वेळ आहे हेच कळत नाही. देवनागरी फलक वाचताना १ आणि ९, तसंच ५ आणि ६ ही जोड्या सावकाश पाहा, रंग उडालेला असेल तर विशेषच.

मध्यरात्र ओलांडणाऱ्या गाडीसाठी जीटीएफएस या सार्वजनिक वाहतुकीच्या माहितीच्या स्वरूपातली रीत घेणं सोयीचं: गाडी आदल्या दिवशीची धरून बाराच्या पुढची वेळ `24:10`, `24:35` अशी लिहायची. त्यामुळे कॉलममध्ये वेळ सतत वाढतच राहते. `23:52` नंतर एकदम `00:10` आलं तर तपासणीत प्रत्येक रात्रीची शेवटची गाडी विनाकारण चूक म्हणून दिसत राहील.

रिकामं घर ठेवायचं नाही

या कामातला एकच नियम पाळायचा असेल तर तो हा. जाळीतलं प्रत्येक घर भरा. ज्या घरात वेळ नाही तिथेही काहीतरी लिहा, कारण वेळ नसण्याची कारणं तीन असतात आणि ती एकमेकांत मिसळली की नंतर सोडवता येत नाहीत.

पहिलं कारण: गाडी त्या स्थानकातून जाते पण थांबत नाही. जलद लोकलसाठी कळवा, मुंब्रा, ठाकुर्ली अशी. तिथे `-` लिहा.

दुसरं: गाडी तिथवर जातच नाही, किंवा तिथून पुढे सुरू होते. डोंबिवली लोकलसाठी कल्याण, अंबरनाथ. तिथे `x`.

तिसरं: वेळ छापलेली आहे पण फोटोत वाचता येत नाही. तिथे `?`.

छापणारे लोक पहिल्या दोन प्रकारांसाठी ठिपके, आडवी रेघ, खाली जाणारा बाण किंवा निव्वळ कोरी जागा, यातलं काहीही वापरतात. एकाच कागदावर दोन पद्धतीही सापडतात. म्हणून छापील खुणा जशाच्या तशा न उतरवता प्रत्येक गाडीचं शेवटचं ठिकाण डोक्यावर पाहून ठरवा: शेवटच्या ठिकाणाच्या वर वेळ नसेल तर `-`, खाली नसेल तर `x`. गाडी मधूनच सुरू होत असेल तर सुरुवातीच्या स्थानकाच्या वरची घरंही `x`.

आपली जाळी अशी भरून झाली. क ही धीमी डोंबिवली लोकल, ख जलद बदलापूर, ग धीमी कल्याण आणि घ जलद अंबरनाथ. तुमच्या शीटमध्ये या अक्षरांच्या जागी गाडी क्रमांक येतील.

| स्थानक | क | ख | ग | घ |
|---|---|---|---|---|
| ठाणे | 18:02 | 18:07 | 18:10 | 18:13 |
| कळवा | 18:05 | - | 18:13 | - |
| मुंब्रा | 18:09 | - | 18:17 | - |
| दिवा | 18:13 | - | 18:21 | 18:22 |
| कोपर | 18:17 | - | 18:25 | - |
| डोंबिवली | 18:20 | 18:21 | 18:28 | 18:27 |
| ठाकुर्ली | x | - | 18:31 | - |
| कल्याण | x | 18:28 | 18:36 | 18:34 |
| विठ्ठलवाडी | x | 18:32 | x | 18:38 |
| उल्हासनगर | x | 18:34 | x | 18:40 |
| अंबरनाथ | x | 18:39 | x | 18:45 |
| बदलापूर | x | 18:49 | x | x |

टाइप करताना आडवं नाही, उभं जायचं. म्हणजे एका स्थानकाच्या सगळ्या गाड्या न घेता एका गाडीची सगळी स्थानकं घ्यायची. वाचताना आडवी ओळ सोपी वाटते, पण तिच्यात चूक ओळखायला काही आधार नसतो. डोंबिवलीची ओळ पाहा: `18:28` नंतर `18:27`. हे चुकल्यासारखं दिसतं, पण बरोबर आहे. जलद अंबरनाथ लोकल दिव्यानंतर धीम्या कल्याण लोकलच्या पुढे गेली आहे. आडव्या ओळीत वेळ मागे जाऊ शकते. उभ्या कॉलममध्ये ती मागे जाऊच शकत नाही, कारण तिथे एकच गाडी पुढे सरकते आहे. टाइप करतानाच हात थांबावा असा आधार उभ्या दिशेलाच आहे.

पडद्यावर मोठ्या फोटोत नजर घसरते म्हणून फोटो कापून एकेक गाडीची उभी पट्टी स्थानकांच्या पट्टीला लागून ठेवली तर काम फार हलकं होतं. कुठल्याही साध्या चित्रसंपादकात हे जमतं. कागदावर छापून घेतलेला फोटो असेल तर पट्टी ठेवून त्याखाली वाचा.

फोनने मजकूर उचलला तर काय होतं

फोटोतला मजकूर ओळखून कॉपी करण्याची सोय आता बऱ्याच फोनमध्ये असते, आणि मोठ्या कागदावर ती वापरायचा मोह होणं साहजिक आहे. आकडे ती बहुधा नीट वाचते. अडचण अशी की कोरी जागा तिच्या लेखी मजकूर नसतो. आपल्या जाळीतली वेळ नसलेली घरं फोटोत कोरी असतील तर खालचा अर्धा भाग असा हाती येतो:

```
डोंबिवली 18:20 18:21 18:28 18:27
ठाकुर्ली 18:31
कल्याण 18:28 18:36 18:34
विठ्ठलवाडी 18:32 18:38
उल्हासनगर 18:34 18:40
अंबरनाथ 18:39 18:45
बदलापूर 18:49
```

हे शीटमध्ये टाकलं की प्रत्येक ओळ डावीकडे सरकते. ठाकुर्लीची `18:31` ही वेळ क खाली जाते, कल्याणची `18:28` ही वेळही क खाली. ठाकुर्ली ते कल्याण वेळ मागे गेली हे दिसतं, आणि कुणी `18:31` उचलून योग्य जागी, ग खाली, नेतो. आता क चा कॉलम वाचा: डोंबिवली `18:20`, कल्याण `18:28`, विठ्ठलवाडी `18:32`, उल्हासनगर `18:34`, अंबरनाथ `18:39`, बदलापूर `18:49`. प्रत्येक वेळ वाढती, दोन स्थानकांमधली मिनिटंही पटण्यासारखी. डोंबिवलीला संपणारी लोकल बदलापूरपर्यंत धावायला लागली आणि जाळीत कुठे खटकलंही नाही.

ग चं त्याहून फसवं आहे. त्याच्याखाली ठाणे `18:10`, दिवा `18:22`, डोंबिवली `18:28`, ठाकुर्ली `18:31`, कल्याण `18:34` एवढंच उरतं. धीमी कल्याण लोकल आता जलद कल्याण लोकल दिसते, आणि शेवटचं स्थानकही बरोबर आहे.

म्हणून मजकूर उचललाच तर तो आकड्यांचा साठा समजा, जाळी समजू नका. आधी स्थानकं आणि गाड्यांची कोरी जाळी तयार करा, तिच्यात फोटो पाहून `-` आणि `x` भरा, आणि उरलेल्या घरांतच उचललेल्या वेळा ओळीओळीने बसवा. ओळीतल्या वेळा आणि उरलेली घरं यांची संख्या जुळली पाहिजे. जुळली नाही तर त्या ओळीत पुढे जाऊ नका, फोटोकडे जा.

तपासणी

वरचं उदाहरण पाहिलं की कुठली तपासणी कशाला पकडते ते कळतं. बहुतेक जण एकूण वेळा मोजतात, आपल्या जाळीत त्या अठ्ठावीस आहेत. पण डावीकडे सरकलेल्या जाळीतही त्या अठ्ठावीसच असतात. प्रत्येक स्थानकाच्या ओळीतली संख्याही तीच राहते. बदलते ती फक्त कॉलमची संख्या. योग्य जाळीत क, ख, ग, घ खाली अनुक्रमे सहा, सात, आठ आणि सात वेळा आहेत. सरकलेल्या जाळीत, `18:31` हलवण्याआधी, त्याच बारा, दहा, चार आणि दोन होतात. तेव्हा मोजायचं ते गाडीगणिक. फोटोत एका गाडीखालच्या वेळा बोटाने मोजा आणि शीटमध्ये त्या कॉलमखाली हे सूत्र द्या:

```
=COUNTIF(B2:B13,"*:*")
```

वेळा साधा मजकूर म्हणून टाइप केल्या असतील तरच हे चालतं. उत्तर शून्य आलं तर समजा की शीटने त्यांचं स्वरूप बदललं आहे. सोबत `=COUNTBLANK(B2:E13)` हे संपूर्ण जाळीसाठी द्या. त्याचं उत्तर शून्यच आलं पाहिजे. नाही आलं तर कुठेतरी घर भरायचं राहिलं आहे.

दुसरी तपासणी डोक्यावरच्या ओळीशी. कॉलममधली शेवटची वेळ ज्या स्थानकासमोर आहे ते नाव आणि गाडीच्या डोक्यावर छापलेलं शेवटचं ठिकाण एकच असलं पाहिजे. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर हे ठिकाण पुष्कळदा अक्षरांत असतं: कल्याणला के, डोंबिवलीला डीएल, अंबरनाथला ए, बदलापूरला बीएल, टिटवाळ्याला टीएल, कर्जतला एस, कसाऱ्याला एन. कर्जत आणि कसाऱ्याची अक्षरं नावाशी जुळत नाहीत, तेवढी लक्षात ठेवा. ही तपासणी वरच्या क ला लगेच पकडते.

तिसरी तपासणी जलद आणि धीम्याची. धीम्या गाडीच्या कॉलममध्ये सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये एकही `-` असायला नको. ग सारखी फसवी गाडी हिच्यात सापडते. जलद गाडीत `-` कुठे येतात ते मात्र गाडीगणिक बदलतं. आपल्या घ ने दिव्याला थांबा घेतला आहे, ख ने नाही. म्हणून एका जलद गाडीचा साचा दुसरीवर लावू नका.

चौथी मिनिटांची, तिच्यासाठी आधी ओळी तयार कराव्या लागतात.

जाळीतून ओळी

शेवटी हवं आहे ते असं: प्रत्येक ओळीत एक गाडी, एक स्थानक, एक वेळ. चार कॉलम पुरतात.

```
gadi,kram,sthanak,vel
ख,1,ठाणे,18:07
ख,6,डोंबिवली,18:21
ख,8,कल्याण,18:28
ख,9,विठ्ठलवाडी,18:32
```

लहान जाळीसाठी हे हाताने करणंच बरं. नव्या शीटमध्ये क्रम आणि स्थानकांची यादी चिकटवा, शेजारी एका गाडीचा कॉलम चिकटवा, पहिल्या कॉलममध्ये गाडी क्रमांक भरा. पुढची गाडी तिच्या खाली. सगळ्या गाड्या झाल्या की आपल्याकडे अठ्ठेचाळीस ओळी होतात. मग फिल्टर लावून `-` आणि `x` असलेल्या वीस ओळी काढा, अठ्ठावीस उरल्या पाहिजेत. `?` असलेल्या ओळी काढायच्या नाहीत. मोठी जाळी असेल तर एक्सेलच्या पॉवर क्वेरीत `Unpivot Other Columns` ही आज्ञा हेच काम करते. ती कोरी घरं न विचारता गाळते. आपली घरं भरलेली असल्यामुळे काय गाळायचं ते आपल्या हातात राहतं. तिच्यानंतर गाडी आणि मग क्रम असं पुन्हा लावून घ्यावं लागतं, कारण ती स्थानकागणिक ओळी देते.

ओळी काढल्यावर क्रम पुन्हा एक, दोन, तीन असे द्यायचे नाहीत. ख ला १ नंतर थेट ६ आलं तर येऊ द्या. त्या उडीतूनच मधली चार स्थानकं न थांबता गेली हे पुढच्या माणसाला कळतं. जीटीएफएसलाही क्रम वाढता असला की पुरतं, सलग असण्याची गरज नसते.

आता मिनिटं. गाडी `A` मध्ये आणि वेळ `D` मध्ये असेल तर तिसऱ्या ओळीपासून हे सूत्र खाली ओढा:

```
=IF(A3=A2,(LEFT(D3,2)*60+RIGHT(D3,2))-(LEFT(D2,2)*60+RIGHT(D2,2)),"")
```

उत्तर शून्य किंवा उणे आलं तर ती ओळ उघड चुकीची. त्याहून बारीक गोष्ट म्हणजे त्याच दोन स्थानकांमध्ये सारख्या गाड्यांना लागणारी मिनिटं. एक धीमी गाडी कळव्याहून मुंब्र्याला चार मिनिटांत जाते आणि दुसरी चौदा मिनिटांत, तर दुसरीच्या मिनिटांतला दहाचा आकडा चुकला आहे, किंवा कॉलम सरकला आहे. एखाद मिनिटाचा फरक मात्र सोडून द्या. शेवटच्या स्थानकाआधी तर वेळापत्रकातच मिनिटं थोडी सैल ठेवलेली असतात. आपल्या ख ने अंबरनाथ ते बदलापूर दहा मिनिटं घेतली आहेत, ती चूक धरून दुरुस्त करायची नाही. `?` असलेल्या ओळीपाशी सूत्र चूक दाखवेल. ती खूण तशीच राहू द्या.

काही वेगळे कागद

लांब पल्ल्याच्या वेळापत्रकात कल्याणसारख्या स्थानकासमोर दोन ओळी असतात, एक आगमनाची आणि एक सुटण्याची. ती दोन स्थानकं नाहीत. दोन्ही ओळींना एकच क्रम द्या आणि शेवटच्या फाइलमध्ये वेळेचे दोन कॉलम करा. जिथे एकच वेळ छापली आहे तिथे ती सुटण्याची समजा, शेवटचं स्थानक सोडून.

काही वेळापत्रकांत स्थानकांच्या एकाच यादीच्या एका बाजूला जाणाऱ्या आणि दुसऱ्या बाजूला येणाऱ्या गाड्या छापतात. जाणाऱ्या वरून खाली वाचायच्या, येणाऱ्या खालून वर. एखाद्या कॉलममध्ये सगळ्याच वेळा खाली जाताना कमी होत गेल्या तर तिथे चूक शोधत बसू नका. ती उलट्या दिशेची गाडी आहे. तिचे कॉलम वेगळ्या जाळीत काढून स्थानकांची यादी उलटी करा आणि क्रम नव्याने द्या.

एसटी स्थानकाच्या फलकावर मात्र बहुतेक वेळा गाव, मार्ग आणि त्या स्थानकातून सुटण्याची वेळ एवढंच असतं. मधल्या गावांच्या वेळा तिथे नसतात. त्यावरून ओळी करताना एकाच स्थानकाची वेळ भरा आणि ‘मार्गे’ लिहिलेली गावं शेरा म्हणून ठेवा. अंतरावरून अंदाजाने मधल्या वेळा भरल्या तर वाचणाऱ्याला त्या फलकावरच्याच वाटतील.

जाळीच्या डोक्यावरचे आणि तळाचे शेरे, म्हणजे रविवारी नाही, महिला विशेष, पंधरा डबे, वातानुकूलित, हे वेळांच्या ओळींत घालायचे नाहीत. गाड्यांसाठी वेगळी शीट ठेवा: गाडी क्रमांक, कुठून, कुठवर, जलद की धीमी, शेरा. ताऱ्याची किंवा फुलीची खूण वेळेला चिकटून छापली असेल तर ती कुठल्या गाडीच्या कुठल्या स्थानकाला होती ते इथे लिहा आणि घरात नुसती वेळ ठेवा. `18:20*` अशी वेळ कुठल्याच सूत्राला कळत नाही.

प्रश्नचिन्हांचं काय करायचं

आधी तोच फोटो उजेड वाढवून पाहा, मग सामाईक कॉलम असलेला शेजारचा फोटो पाहा. तेवढ्याने भागलं नाही तर मागच्यापुढच्या स्थानकांवरून आणि सारख्या गाडीच्या मिनिटांवरून वेळ काढता येते. समजा ग ची कोपरची वेळ चकाकीखाली गेली आहे. दिवा `18:21`, डोंबिवली `18:28`. धीम्या क ला दिवा ते कोपर चार मिनिटं लागली, म्हणजे `18:25`. हा अंदाज चांगला आहे, पण तो फोटोत दिसलेला नाही. म्हणून ओळींच्या फाइलमध्ये पाचवा कॉलम करा, तिथे या ओळीसाठी ‘अंदाज’ लिहा, आणि जाळीत `?` तसंच राहू द्या. नवा फोटो मिळाला की नेमकी कुठली घरं पुन्हा पाहायची ते त्यावरून कळतं. फाइलच्या नावात कागदावर छापलेली ‘या तारखेपासून लागू’ ही तारीख घाला आणि मूळ फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा.